हाताखाली किती माणसं, हातात किती पैसा: अर्जाच्या रकान्यात काय लिहावं?

वाचकाचं पत्र

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत फेटलिंग शॉप, म्हणजे ओतलेल्या कास्टिंगवरचा जादा धातू कापून-घासून काढणारा विभाग, बघतो. मेकॅनिकल डिप्लोमा आहे. गेली दोन वर्षं विभाग माझ्याकडे आहे, पण पद सीनियर इंजिनिअरचंच. कंपनीच्या रोलवरचे चार जण माझ्याकडे आहेत, बाकी मस्टरवर सव्वीस माणसं, ती दोन ठेकेदारांची. दुसऱ्या पाळीत मी नसतो, चौघांपैकी एक ज्युनिअर इंजिनिअर बघतो. महिन्याला साधारण १८० टन माल निघतो. व्हील, शॉट्स, हातमोजे वगैरेचं इंडेंट मी काढतो, ते महिन्याला २ लाख २० हजारांच्या आसपास जातं. ठेकेदारांची ५ लाख ४० हजारांची बिलं मी तपासून पुढे पाठवतो. मंजुरीची सही प्लांट हेडची. पगार, रजा, बढती यांतलं काही माझ्या हातात नाही. आता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत असिस्टंट मॅनेजरच्या जागेसाठी अर्ज करतोय. फॉर्ममध्ये टीम साइज, बजेट आणि जबाबदारीची व्याप्ती असे रकाने आहेत. मित्र म्हणतो, "तीस माणसं आणि एक कोटी लिही, सगळे तसंच लिहितात." खरं लिहायचं तर ४ आणि शून्य. मग मुलाखतीलाच बोलावणार नाहीत. काय लिहू?

— एक वाचक, शिरोली

उत्तर

नमस्कार.

तुमच्या मित्राने आकडे कुठून काढले ते दिसतंय. मस्टरवरचे २६ आणि कंपनीचे ४ मिळून ३०. माल आणि बिलं मिळून महिन्याचे ७ लाख ६० हजार, वर्षाचे ९१ लाख २० हजार, ते झाले एक कोटी. फॉर्म चाळणाऱ्या एचआरच्या माणसाला हे चालूनही जाईल. पण मुलाखत प्लांट हेड किंवा प्रॉडक्शन मॅनेजर घेईल, आणि त्याने ठेकेदारांकडून फेटलिंग करून घेण्यात वर्षं काढलेली असतील. "तीसपैकी रोलवर किती?" हा त्याचा पहिला प्रश्न आणि "तुमच्या एकट्याच्या सहीवर किती रुपयांची खरेदी होते?" हा दुसरा. या दोन प्रश्नांत आकडे खाली आले की त्यानंतर तुम्ही सांगितलेलं खरंही तो निम्मंच धरतो.

४ आणि शून्य हे मात्र खरं नाही, त्यामुळे तेही लिहू नका. रोज सकाळी वीसेक माणसांना काम वाटून देणारा आणि साडेपाच लाखांच्या बिलावर पहिली सही करणारा माणूस त्या आकड्यांत कुठेच दिसत नाही. असिस्टंट मॅनेजर निवडताना समोरच्याला दोन गोष्टी ताडायच्या असतात: एवढ्या माणसांचं शॉप चालवायची सवय आहे का, आणि कोणते निर्णय हा माणूस आजच घेतोय. म्हणून प्रत्येक आकड्याला त्यामागचा तुमचा निर्णय जोडून लिहायचा. अधिकार कमी असेल तर हे जास्त काळजीने करावं लागतं, कारण पदाच्या नावावरून समोरच्याला काहीच कळत नाही.

माणसं कशी मोजायची

प्रत्येक माणसाबद्दल स्वतःला चार गोष्टी विचारा. सकाळी त्याला काम कोण देतं? त्याची रजा कोण मंजूर करतं? वर्षाअखेरीला त्याचं मूल्यमापन कोण भरतं? आणि तो नको असेल तर कुणाच्या शब्दावर बदलला जातो?

कंपनीच्या चौघांना काम तुम्ही देता. रजेवर सही प्लांट हेडची असली, तरी अर्ज आधी तुमच्याकडे येतो का ते बघा. बऱ्याच कारखान्यांत रजेच्या अर्जावर "शिफारस" म्हणून विभाग बघणाऱ्याची सही असते आणि अप्रेझलचा फॉर्मही आधी तोच भरतो. तसं असेल तर "चौघांचं प्राथमिक मूल्यमापन" हे शब्द बिनदिक्कत लिहा. साहेबांनी चहा घेताना "तो पोरगा कसा आहे रे?" एवढंच विचारलं असेल, तर मात्र लिहू नका. तुमची सही असलेला कागद आहे की नाही, यावर हे ठरवा.

ठेकेदारांच्या माणसांचा मालक कागदोपत्री ठेकेदार आहे. पगार, पीएफ, रजा त्याच्याकडे, मस्टर त्याचं. त्यामुळे ही माणसं तुमचे "रिपोर्टी" होत नाहीत, आणि तसं लिहिलंत तर मुलाखत घेणाऱ्याला वाटेल की हा फरकच तुम्हाला माहीत नाही. पण कोणतं कास्टिंग आधी घ्यायचं, रायझर कापायला कोण, स्विंग फ्रेमवर कोण, हँड ग्राइंडरवर किती जण, हे तुम्ही ठरवता. त्याला "दैनंदिन कामाचं नियोजन आणि देखरेख" म्हणावं. हुकूम मुकादमामार्फत जात असेल तर तेही सांगा. मुकादमाला धरून काम काढता येणं हे फाउंड्रीत मोलाचं कौशल्य आहे, ते लपवू नका.

आता आकडा. मस्टरवरचे २६ हा कामाला आलेल्यांचा आकडा नाही. गेटच्या रजिस्टरमधून किंवा तुमच्या पाळीच्या वहीतून तीन साध्या महिन्यांची हजेरी काढा, रोजची माणसं जोडा आणि कामाच्या दिवसांनी भागा. समजा ७५ दिवसांत १,५०० हजेऱ्या भरल्या, तर सरासरी २०. इथे एक चूक हमखास होते. लागोपाठ दोन पाळ्या केलेला माणूस हजेरीत दोनदा येतो आणि सरासरी फुगते. पाळ्या मोजू नका, त्या दिवशी आलेली माणसं मोजा.

"साधे महिने" म्हणायचं कारण तुम्हाला सांगायला नको. होळीला आणि छठपूजेला उत्तरेकडची माणसं गावी जातात. चैत्रात जोतिबाची यात्रा आणि भाद्रपदात गणपती आले की आपल्याकडची कमी होतात. हे आठवडे सरासरीतून वगळा, पण त्यांतल्या सगळ्यात वाईट दिवसाचा आकडा वेगळा लिहून ठेवा. वीसच्या जागी अकराच माणसं आली तेव्हा तुम्ही कोणता माल आधी काढला, कोणता थांबवला आणि डिस्पॅचला कधी कळवलं, हे मुलाखतीत विचारलं जाण्याची शक्यता भरपूर आहे. विचारलं नाही तर तुम्ही सांगा.

दुसऱ्या पाळीचा मुद्दा तुम्ही पत्रात कमीपणा म्हणून लिहिलाय. आमच्या मते तुमच्या अर्जातली सगळ्यात भक्कम बाजू तीच आहे. समजा वीसपैकी बारा जण पहिल्या पाळीत आणि आठ दुसऱ्या पाळीत. त्या आठ जणांचं काम तुम्ही समोर नसताना, तुमच्या ज्युनिअर इंजिनिअरमार्फत होतं. त्याला जाताना काय लिहून देता, सकाळी आल्यावर वहीत काय तपासता, रात्रीत काही अडलं तर त्याने कुठवर स्वतः ठरवायचं आणि कधी तुम्हाला फोन करायचा, हे सगळं तुम्ही ठरवलेलं असेल. दुसऱ्याकडून काम करून घेणं म्हणजे मॅनेजरचंच काम, आणि असिस्टंट मॅनेजरकडून तेच हवं असतं.

मग रकान्यात लिहायचं असं: "थेट रिपोर्टिंग ४ (कंपनी रोल), दैनंदिन देखरेख सरासरी २० ठेका कामगार, २ ठेकेदार, २ पाळ्या." ऑनलाइन फॉर्म फक्त एकच अंक घेत असेल तर रकान्याचं नाव नीट वाचा. "थेट रिपोर्टिंग" विचारलं असेल तर ४. "टीम साइज" विचारलं असेल तर २४, आणि बायोडाटाच्या पहिल्याच ओळीत त्याची फोड: ४ आणि २०. फोड दिली की २४ हा आकडा कुणालाही फुगवलेला वाटणार नाही.

पैसा: कोणती सही तुमची?

बजेटच्या रकान्यात जास्त लोक घसरतात, कारण पैशाला हात लागणं आणि पैशावर अधिकार असणं एकत्र होऊन जातं. रुपया कंपनीतून बाहेर जाण्याआधी पाच टप्पे पार करतो: मागणी, शिफारस, मंजुरी, आलेल्या मालाची किंवा झालेल्या कामाची तपासणी, आणि मग पेमेंट. यांतल्या ज्या टप्प्यावर तुमची सही आहे, तोच शब्द आकड्यासमोर लिहायचा.

तुमच्याकडे पैशाचे दोन प्रवाह आहेत आणि दोन्हींवर तुमची सही वेगवेगळ्या टप्प्यावर होते. व्हील, शॉट्स, हातमोजे, गॉगल यांचं इंडेंट तुमचं, म्हणजे मागणी तुमची. वर्षाचे २६ लाख ४० हजार. ठेकेदारांच्या बिलात मागणीही तुमची नाही आणि मंजुरीही नाही, पण तपासणी पूर्णपणे तुमची आहे. वर्षाचे ६४ लाख ८० हजार. हे दोन आकडे कधीही एकमेकांत मिळवू नका. बेरीज केली की ९१ लाखांचं असं एक बजेट तयार होतं, जे तुमच्या कंपनीच्या कुठल्याच कागदावर नाही. "हे बजेट वर्षाच्या सुरुवातीला कुणी बांधलं?" एवढ्या एका प्रश्नावर ते कोसळेल.

ठेकेदाराचं बिल तपासणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला वाटतं तेवढं किरकोळ नाही, म्हणून ते थोडं उलगडून लिहा. फेटलिंगचा ठेका बहुधा किलोवर असतो. तुमच्या आकड्यांवरून सरासरी दर किलोला ३ रुपये पडतो. दर ठरवणं तुमच्याकडे नाही, टनेज मोल्डिंगवर अवलंबून, तेही तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात एकच गोष्ट आहे: कोणता किलो बिलात धरायचा. समजा महिन्यात ६ टन कास्टिंग अंतिम तपासणीतून परत आली. त्यातल्या ४ टनांवर ग्राइंडिंगची खूण खोल गेली होती किंवा गेटचा थुटका राहिला होता. तो ठेकेदाराच्या माणसांचा दोष, ते दुरुस्त करून पास होईपर्यंत बिलात धरायचे नाहीत. उरलेल्या २ टनांवर पार्टिंग लाइनला जाड फिन आली होती. मोल्ड बॉक्सच्या पिना आणि बुश झिजले की दोन अर्धे नीट बसत नाहीत आणि अशी फिन येते. तो दोष मोल्डिंगचा. ठेकेदाराने जादा मेहनतीचे पैसे मागितले तर त्याची मागणी रास्त आहे, आणि ती पुढे न्यायची की नाही हे तुम्ही सुचवता. रुपयांत बघितलं तर ४ टनांचे १२ हजार थांबले, एवढंच. पण हा निवाडा रोज करणं आणि दोन्ही बाजूंनी तो मान्य करणं, ही जबाबदारी तुमची आहे. बायोडाटात एका ओळीत येईल: "किलोदराच्या फेटलिंग बिलांची मासिक तपासणी, सरासरी ५.४ लाख रुपये. ठेकेदाराचा दोष आणि मोल्डिंगचा दोष वेगळा करून देय वजन ठरवणे."

यातलं शेवटचं वाक्य घालण्याआधी तुमच्या कंपनीत खरंच असं होतं का ते बघा. वजन क्वालिटीवाले ठरवत असतील आणि तुम्ही फक्त बेरीज तपासत असाल, तर "बिलांची मासिक पडताळणी" इथेच थांबा.

इंडेंटच्या बाबतीत तुम्ही म्हणाल, "मी लिहितो तेच प्लांट हेड मंजूर करतात, कधी एक व्हीलही कमी करत नाहीत." तरीही मंजुरी त्यांचीच. तुम्ही "२६.४ लाखांच्या वार्षिक कन्झ्युमेबल खर्चाचं नियोजन आणि इंडेंट, मंजुरी प्लांट हेडची" असं लिहा. मंजुरी कुणाची हे स्वतःहून लिहिल्याने तुम्ही लहान होत नाही. उलट मुलाखतीतला तो दुसरा प्रश्न तुम्ही आधीच संपवून टाकता. बायोडाटा इंग्रजीत जाणार असेल तर "मॅनेज्ड बजेट" हे तयार शब्द टाळा. इंडेंटसाठी "प्लॅन्ड अँड इंडेंटेड", बिलासाठी "व्हेरिफाइड" वापरा.

अधिकार नसताना फरक काय पडला

खर्चाची मंजुरी तुमची नसली तरी खप बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे. म्हणून एकूण रुपयांपेक्षा टनामागचा खप जास्त बोलतो. आज तुमचा खर्च टनाला साधारण १,२२० रुपये येतो, म्हणजे २ लाख २० हजार भागिले १८०. दोन वर्षांपूर्वी तो किती होता, ते काढा.

काढताना तीन ठिकाणी फसायला होतं. पहिलं, खरेदीचं बिल धरू नका, स्टोअरमधून शॉपला दिलेल्या मालाच्या स्लिपा धरा. मार्चमध्ये तीन महिन्यांचे शॉट्स एकदम घेतले असतील तर खरेदीवरून काढलेला आकडा निरर्थक होतो. दुसरं, भाव. व्हीलचा दर वाढला असेल तर रुपये वाढलेले दिसतील आणि तुमची बचत झाकली जाईल. म्हणून व्हील नगांत मोजा. समजा पूर्वी टनाला २.९ व्हील लागत होती आणि आता २.४ लागतात. १८० टनांवर महिन्याला ९० व्हील वाचली. हा खप सुमारे १७ टक्क्यांनी कमी झाला, आणि आजच्या दराने त्याचे रुपये करायला दोन मिनिटं पुरतात.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे आणि फाउंड्रीतला जाणकार ती पकडतोच. मालाचं मिश्रण बदललं का? जाड, सरळ कास्टिंगला टनामागे ग्राइंडिंग कमी लागतं. पातळ भिंतीच्या, खाचाखोचांच्या हाउसिंगला कितीतरी जास्त. गेल्या वर्षी हाउसिंगची ऑर्डर कमी झाली असेल तर तुम्ही काहीही न करता खप उतरला असेल. तसंच मोल्डिंगने पिना-बुश बदलले, पॅटर्न दुरुस्त केलं, तरी फिन कमी होऊन व्हील वाचतात. म्हणून दोन्ही वर्षांत सारखं चालू असलेलं एखादं कास्टिंग घ्या आणि फक्त त्याचा हिशेब काढा. त्यातही फरक दिसला तर तो तुमचा. मोल्डिंगमुळे पडला असेल, पण जाड फिनच्या कास्टिंगची रोजची नोंद ठेवून तुम्हीच मोल्डिंगच्या मागे लागला असाल, तर ते तसंच सांगा: "नोंद माझी, दुरुस्ती मोल्डिंगची." आपल्या अधिकाराबाहेरच्या विभागाकडून काम करून घेतलंत, याचा हा पुरावा आहे आणि तुमच्या जागेवरच्या माणसाला याहून चांगला पुरावा मिळत नाही.

फरक दिसलाच नाही तर? मग हा आकडा लिहू नका. माणसं, पाळ्या, टनेज आणि बिलाची तपासणी एवढ्यावरही अर्ज उभा राहतो.

व्याप्तीचा रकाना

"जबाबदारीची व्याप्ती" या रकान्यात लोक "शॉपची संपूर्ण जबाबदारी" असं लिहून मोकळे होतात. त्यातून काहीच कळत नाही. एक कागद घ्या आणि गेल्या महिन्यात तुम्ही घेतलेले निर्णय आठवून तीन ढिगांत टाका: कुणाला न विचारता घेतलेले, घेऊन मग कळवलेले, आणि आधी विचारावे लागलेले. तुमच्यासारख्या जागेवर साधारण असं निघेल. माणसं एका कामावरून दुसऱ्यावर हलवणं, गार्ड नसलेला ग्राइंडर बंद करणं, ठेकेदाराच्या माणसाला पुन्हा घासायला लावणं, हे तुम्ही स्वतः करता. डिस्पॅचच्या क्रमात बदल किंवा ब्लोहोल दिसल्यावर लॉट बाजूला ठेवणं, हे करून लगेच क्वालिटी आणि डिस्पॅचला कळवता. ओव्हरटाइम, ठेकेदाराची माणसं वाढवणं, दर आणि नवीन मशीन यांसाठी विचारावं लागतं.

रकान्यात पहिल्या दोन ढिगांतलं लिहा, तिसऱ्यातलं सोडून द्या. पण तो तिसरा ढीग डोक्यात पक्का ठेवा. लॉट बाजूला ठेवण्याबद्दल विशेष सांभाळा: रिजेक्ट करण्याचा निर्णय क्वालिटीचा असतो, तुमचा निर्णय तो माल पुढे न जाऊ देण्याचा. "लॉट होल्ड करणे" आणि "लॉट रिजेक्ट करणे" यांत गल्लत झाली तर समोरचा लगेच विचारेल की मग तुमच्याकडे क्वालिटी काय करते.

मुलाखतीत

"हाताखाली किती?" असं विचारलं की एका दमात सांगा: "रोलवरचे चार माझ्याकडे रिपोर्ट करतात. त्याशिवाय दोन ठेकेदारांची सरासरी वीस माणसं, त्यांचं काम मी लावतो; पगार-रजा ठेकेदाराकडे. दुसरी पाळी माझा ज्युनिअर इंजिनिअर बघतो, प्लॅन माझा असतो." एवढं बोलून थांबा. यानंतरचे प्रश्न दुसऱ्या पाळीबद्दल येतील आणि तिथे तुमच्याकडे सांगण्यासारखं आहे.

"कुणाला कामावरून काढलंत का?" हा प्रश्न अवघड वाटतो. रोलवरच्या कुणाला काढायचा अधिकार तुम्हाला नाही, ते सरळ सांगा. ठेकेदाराचा माणूस बदलायला सांगितला असेल तर आधी काय केलं तेही सांगा: मुकादमासमोर समज दिली का, दुसऱ्या कामावर लावून बघितलं का, किती दिवस दिले. "मग अधिकार नसताना माणसं ऐकतात कशी?" याला "माझे सगळ्यांशी चांगले संबंध आहेत" हे उत्तर पुरत नाही. यंत्रणा सांगा. ठेकेदार ऐकतो, कारण पास झालेल्या वजनाचंच बिल पुढे जातं आणि चूक मोल्डिंगची असेल तेव्हा तुम्ही त्याची बाजूही मांडता. मोल्डिंग ऐकतं, कारण तुम्ही तक्रारीऐवजी कास्टिंगचं नाव, बॉक्स नंबर आणि फिनची जाडी घेऊन जाता.

बजेटच्या प्रश्नावर सुरुवात मंजुरीपासून करा: "मंजुरीचा अधिकार माझ्याकडे नाही. इंडेंट माझं, वर्षाला सव्वीस लाखांच्या आसपास. ठेका बिलांची तपासणी माझी." आणि मग व्हीलचा हिशेब.

काय सांगू नये तेही ठरवून जा. ठेकेदाराचा कास्टिंगनिहाय दर, ग्राहकांची नावं आणि विक्रीचे भाव बाहेर काढू नका, विचारलं तरी. वर आम्ही बिलाच्या ओळीत रक्कम घातली आहे, पण टनेज आणि रक्कम शेजारी आली की दर उघडा पडतो. म्हणून बायोडाटात टनेज "दरमहा १५० ते २०० टन" असं पट्ट्यात द्या, किंवा बिलाची रक्कम गाळून फक्त कामाचं वर्णन ठेवा. स्टोअरच्या स्लिपा किंवा बिलांचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन जाऊ नका. आपल्या वहीत काढलेले टनामागचे आकडे पुरेसे आहेत. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या फाउंड्र्यांतली वरची माणसं एकमेकांना ओळखतात, त्यामुळे तुमच्या प्लांट हेडला एक फोन जाणार हे धरूनच चला. त्या फोनवर "चार रोलवरचे, बाकी ठेका, बिलं तोच तपासतो" एवढंच उत्तर आलं तरी तुमचा अर्ज शब्दाला शब्द जुळला पाहिजे. नोकरीच्या साइटवर पूर्वी काही फुगवून लिहिलं असेल तर अर्ज करण्याआधी ते दुरुस्त करा.

अर्ज टाकायला थोडा अवकाश असेल तर एक काम आजच्या जागेवरच करता येईल. प्लांट हेडना दोन छोटे अधिकार लेखी मागा: ठरावीक रकमेपर्यंत, समजा महिन्याला १० हजार रुपयांपर्यंत, किरकोळ कन्झ्युमेबलची मंजुरी, आणि चौघांच्या अप्रेझलचा पहिला टप्पा. रोज छोट्या मागण्यांवर सह्या करून तेही कंटाळलेले असतात, त्यामुळे हे मिळण्याची शक्यता चांगली आहे. ई-मेलवर एक ओळ आली तरी पुरे. मिळालं तर त्या महिन्यापासूनच लिहा, मागच्या दोन वर्षांना चिकटवू नका.

आणि कागलच्या मुलाखतीत शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" असं म्हणतील, तेव्हा हेच रकाने त्यांच्यासमोर ठेवा. या पदाकडे रोलवरचे किती जण रिपोर्ट करतील, त्यांच्या रजेवर आणि अप्रेझलवर सही कुणाची, खरेदीची मर्यादा किती रुपयांपर्यंत, आणि ठेकेदाराचा दर ठरवताना असिस्टंट मॅनेजर बैठकीत असतो का. उत्तरं "ते बघू नंतर" अशी आली, तर पदाचं नाव बदलेल आणि काम आजचंच राहील. पगाराचं बोलणं त्या हिशेबाने करा.